उत्तर: ५० मिलिग्रे आणि २ मिलिसिव्हर्ट

> किरणोत्सारी आयोडीन-१३१ मुळे थायरॉइडला ५० मिलिग्रे आणि प्रभावी डोस, म्हणजे साऱ्या शरीराच्या हिशेबातला डोस, २ मिलिसिव्हर्ट. यातला खरा कोणता?

दोन्ही बरोबर आहेत. प्रत्यक्ष मोजता येण्याजोगी भौतिक राशी मात्र ग्रे, म्हणजे एक किलो ऊतीत शोषलेली ज्यूलमधली ऊर्जा. आयोडीन-१३१ च्या बीटा आणि गॅमा किरणांचा गुणक, म्हणजे किरणाच्या प्रकारानुसार हानीला दिलेलं वजन, १ आहे, म्हणून थायरॉइडचा समतुल्य डोस ५० मिलिसिव्हर्ट. हेच अल्फा कण असते तर गुणक २०, कारण ते पेशीत अगदी थोड्या अंतरात दाट आयनीकरण करतात.

साऱ्या शरीराच्या हानीत एका अवयवाचा वाटा किती, हे ऊतीगुणक सांगतो. थायरॉइडचा ऊतीगुणक ०.०४ आहे. ५० × ०.०४ = २. म्हणजे कर्करोग आणि आनुवंशिक हानीच्या हिशेबात हा डोस साऱ्या शरीराला सारखे २ मिलिसिव्हर्ट मिळण्याइतका धरला जातो.

हे गुणक निसर्गनियम नव्हेत. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांमधल्या कर्करोगांच्या नोंदी हा मुख्य आधार. त्यावरून आयसीआरपी ही किरणोत्सार-संरक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था सर्व वयांची आणि स्त्री-पुरुषांची सरासरी काढून गोल आकडे ठरवते. २००७ मध्ये स्तनाचा गुणक ०.०५ वरून ०.१२ झाला आणि जननग्रंथींचा ०.२० वरून ०.०८ वर आला. लहान मुलाचं थायरॉइड प्रौढापेक्षा कितीतरी संवेदनशील असतं, पण गुणक तोच राहतो. म्हणून एखाद्या मुलाचा धोका त्या २ वरून काढू नका, ५० मिलिग्रे आणि वय बघा.