डिलीट जॉबचा लॉग ‘सक्सेस’ म्हणतो, ऑडिटरने तिथेच थांबावं का?

रेवाकाठ: धोरणानुसार शेवटच्या ऑर्डरनंतर ३६ महिन्यांनी ग्राहकाचा वैयक्तिक डेटा काढायचा आहे. जॉब रोज रात्री चालतो, लॉगमध्ये एकही एरर नाही. अंतर्गत ऑडिटला एवढा पुरावा पुरेसा आहे की ऑडिटरने डेटाबेसमध्ये उतरावं?

कोरा कागद: अजिबात उतरू नये. प्रायव्हसी तपासायची म्हणून आणखी एका माणसाला ग्राहकांची नावं-नंबर दाखवायचे, हा उलटाच कारभार झाला. मंजूर धोरण बघा, जॉब कोण बदलू शकतो ते बघा, वर्षातल्या २५ रात्रींचे लॉग काढा आणि पुढे चला.

तळटीप: नावं बघायला कोण सांगतंय? डीबीएने ऑडिटरसमोर क्वेरी चालवायची, बाहेर फक्त आकडा आणि सगळ्यात जुनी तारीख येते.

```
SELECT COUNT(*), MIN(last_order_at)
FROM customers
WHERE last_order_at
  < CURRENT_DATE - INTERVAL '36 months';
```

‘सक्सेस’चा अर्थ जॉब क्रॅश झाला नाही, एवढाच. शून्य ओळी पुसल्या तरी तो ‘सक्सेस’च लिहितो. रोज नवे ग्राहक येणाऱ्या धंद्यात रोज कुणाची तरी मुदत संपायला हवी, त्यामुळे पुसलेल्या ओळींचा आकडा महिनोन्‌महिने शून्य असेल तर पाणी कुठेतरी मुरतंय.

नेहमीचा घोळ असा. धोरण म्हणतं ‘शेवटची ऑर्डर’, जॉब लिहिणारा मात्र `updated_at` बघतो, कारण तो कॉलम आयता असतो. समजा एकाची शेवटची ऑर्डर मार्च २०२०ची. मुदत मार्च २०२३ला संपायची. नोव्हेंबर २०२२मध्ये टेबलात नवा कॉलम आला, त्यात सगळ्यांसाठी व्हॅल्यू भरली आणि ट्रिगरने प्रत्येक ओळीचा `updated_at` त्या दिवसाचा करून टाकला. आता जॉब नोव्हेंबर २०२५पर्यंत त्या ओळीला हात लावणार नाही. ३२ महिने जास्त, आणि लॉग स्वच्छ! ओळखायचं कसं, तर `updated_at` तारखेनुसार मोजा. एकाच तारखेवर निम्मं टेबल गोळा झालेलं दिसलं की समजा.

शुभ्रतुरा: पण ग्राहकाने संमतीचा चेकबॉक्स टिक केला असेल तर ३६ महिन्यांचं बंधन कशाला? संमती आहे तोवर ठेवा की.

तळटीप: प्रश्न संमतीचा नाहीये. तरी सांगतो, संमती एका ठरावीक कामासाठी असते. ते काम संपलं की टिक दाखवून डेटा धरून ठेवता येत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी नोंदीत फक्त `true` आणि वेळ सापडते. त्या दिवशी स्क्रीनवर कुठला मजकूर होता त्याची आवृत्तीच नसते, म्हणजे नक्की कशाला हो म्हटलं ते दाखवता येत नाही.

कोरा कागद: कॉलमचा मुद्दा मान्य. पण क्वेरीत आलेला आकडा उचलून थेट निष्कर्षात टाकू नका. कुणाचा वाद कोर्टात असतो, कुणाचं बिल करासाठी ठेवणं भाग असतं. त्या ओळी वजा करा, मग बोला.

तळटीप: वजा जरूर करा, पण प्रत्येक होल्डमागे कारण, मंजुरी आणि फेरतपासणीची तारीख हवी. ‘लीगलने सांगितलं’ हा पुरावा नव्हे. आणि बिल ठेवायचं म्हणून जन्मतारीखही ठेवायची असं होत नाही.

जुनी फाईल: तुम्ही दोघंही एकाच टेबलात अडकलात. पुसलेल्यांतले दहा ग्राहक-आयडी घ्या आणि सपोर्ट तिकिटं, मार्केटिंगची यादी, शेअर्ड ड्राइव्हवरचे एक्सेल एक्सपोर्ट यांत शोधा. सापडला तर मुदतीचा दोष. ती जागा डेटा इन्व्हेंटरीतच नसेल तर दुसरा दोष, आणि माझ्या मते तो जास्त गंभीर. उद्या ते एक्सेल फुटलं तर जीडीपीआरखाली ७२ तासांत प्राधिकरणाला कळवताना अंदाजे किती लोक बाधित झाले ते सांगायचं असतं. इन्व्हेंटरीत नसलेल्या फाईलचा अंदाज कोण देणार?

रेवाकाठ: बॅकअप ३५ दिवस राहतो. रिस्टोअर केला की पुसलेले परत येतील ना?

जुनी फाईल: येतात. म्हणून पुसलेल्या आयडींची यादी बॅकअपबाहेर ठेवायची आणि रिस्टोअर झाल्या झाल्या, सिस्टिम लोकांसाठी उघडण्याआधी, पुन्हा चालवायची. ऑडिटमध्ये मागच्या रिस्टोअरचं तिकीट काढून ही पायरी झाली का ते बघा. बहुतेकदा ती तिथे लिहिलेलीच नसते.

कोरा कागद: म्हणजे ज्यांना विसरायचं त्यांचीच वही! बिलांत तोच आयडी असेल तर माणूस लगेच जुळतो.

जुनी फाईल: यादीत नुसता आयडी, आणि यादीचं आयुष्यही ३५ दिवसच. नंतर तीही पुसायची.

कोरा कागद: आणि ती पुसणारा जॉब कुठला कॉलम बघणार?

तळटीप: या यादीत `deleted_at` सोडून दुसरी तारीखच ठेवू नका. पण बिलातल्या आयडीचं काय, यावर मी अजून कोरा कागद यांच्याच बाजूचा आहे.