मदत हवी आहे: मावशींची उचल आणि कपात कशी नोंदवावी?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा पगार दर महिन्याच्या १ तारखेला त्यांच्या खात्यात जमा करते. पगार ९,०००. मध्यंतरी त्यांनी ६,००० उचल घेतली, तीही खात्यातच दिली आणि महिना १,००० कापायचे ठरले. तिसऱ्या महिन्यात दोन खाडे झाले. ३० दिवसांच्या हिशोबाने त्याचे ६०० कापून मी ७,४०० पाठवले.

आता माझ्या मते उचल ३,००० बाकी आहे, त्यांच्या मते २,४००. त्यांचंही चूक नाही म्हणा! पासबुकात नुसते ७,४०० दिसतात, म्हणून कमी आलेले सगळे १,६०० उचलीत वळते झाले असं त्यांनी धरलं.

पैसे पाठवताना शेऱ्यात ‘पगार’ लिहून पाहिलं, पण त्यात कपातीची फोड मावत नाही. माझ्याकडे एक्सेलमध्ये सगळं आहे, पण त्या ते बघत नाहीत. त्यांना वही चालते आणि आकडे नीट वाचता येतात. त्यामुळे नवीन अ‍ॅप सुचवू नका, प्लीज.

दोन मार्ग सुचतायत. एक, दोघींकडे एकेक वही ठेवून दरमहा पगार, खाडे, हप्ता, हातात आलेले आणि उचल बाकी लिहून सही घ्यायची. दुसरा, खाडे वजा करून पगार पूर्ण पाठवायचा आणि हप्ता त्यांनी वेगळा परत करायचा, म्हणजे बँकेतच दोन्ही नोंदी होतील. पण पैसे हातात आल्यावर परत देणं त्यांना जड जाईल.

पुढे वाद झाला तर वहीतली सही आणि बँकेची नोंद एवढं पुरतं, की उचलीची वेगळी पावती करून घ्यावी?