रजेवर असताना मेलला आपोआप जाणारं उत्तर: तारीख कोणती लिहावी?

गिरडकरीण
समुद्रपूर तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि मेल एकटी मीच बघते. ३१ ऑगस्टला घरी महालक्ष्म्या बसतात, म्हणून ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर (२०२५) सुट्टी घेतली आहे. जीमेलवर आपोआप जाणारं उत्तर लावायचं आहे. खरेदीदार, बँक, कृषी विभाग, सगळेच लिहितात. नमस्कार घालून "४ तारखेला उत्तर देईन" एवढं पुरे का?

कुळव
ताई, लावूच नका. आपल्याइकडं मेल पाह्यते कोन? ज्याले काम हाय तो फोन लावते. मागच्या साली एका खरेदीदाराकडून मले असंच मशीनचं उत्तर आलं, "आपला मेल मिळाला, मनःपूर्वक आभार, लवकरच संपर्क करू." मी समजलो सौदा जमला. चाळीस चुंगड्या सोयाबीन भरून बसलो. आठ दिवसांनी फोन केला त साहेब म्हनते, मी गावाले होतो, मेल पाह्यलाच नाई!

रात्रपाळी
कुळव भाऊ, तुमचा किस्सा उत्तर न लावण्यासाठी नाही, ते नीट लिहिण्यासाठी आहे. त्या खरेदीदाराने तीन चुका केल्या. "मेल मिळाला" म्हटलं, त्यामुळे तुम्हाला वाटलं माणसाने वाचला. "आभार" म्हटलं, तो तुम्हाला होकार वाटला. आणि "लवकरच" म्हटलं, त्याला तर काही अर्थच नाही.

ताई, मी एका कंपनीत मेलचं काम बघतो, मूळचा तुमच्याच जिल्ह्यातला. तुमच्या वाक्यात मला खटकली ती ४ तारीख. ४ ला तुम्ही कामावर येणार, पण पाच दिवसांचे साठ-सत्तर मेल साचलेले असतील, त्यात दुपारी लाइन गेली तर झालंच. कामावर येण्याची तारीख आणि उत्तर देण्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत. समोरच्याला दुसरी हवी असते. पहिली नुसती लिहिली तर तो ४ ला सकाळी ११ वाजता "काय झालं?" असा दुसरा मेल टाकतो आणि तुमचा ढीग वाढतो.

दुसऱ्या तारखेसाठी कॅलेंडर बघा. ६ ला शनिवार, त्यात अनंत चतुर्दशी. म्हणून मी "सोमवार, ८ सप्टेंबरपर्यंत" असं लिहीन. ५ लाच उत्तर गेलं तर समोरचा खूश. ५ लिहून ८ ला गेलं तर तोच माणूस नाराज.

टपालवही
तहसिलात आवक-जावक सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून बोलतो. "मिळाला" लिहूच नये हे मला पटत नाही. कागद आला की पोच द्यायची, हा साधा शिष्टाचार आहे. पोच म्हणजे मान्यता नव्हे, हे बँकेला आणि खात्याला बरोबर कळतं. शिवाय ८ तारीख दिली तर बँकवाला म्हणेल, पाच दिवसांची रजा आणि उत्तराला दहा दिवस? संस्थेची छाप काय पडेल?

आणि हे उत्तर प्रत्येक मेलला जातं. कुणी दिवसात चार मेल टाकले तर चार वेळा तोच नमस्कार. ते बरं दिसत नाही.

रात्रपाळी
काका, पोचेवर तुमच्या हातचा शिक्का असतो, वेळ असते, सही असते. इथे कुणीच बसलेलं नाही. पण तुमचं अर्धं बरोबर आहे, मेल पोचला की नाही हे समोरच्याला कळायलाच हवं. म्हणून "आपला मेल पोचला आहे, पण मी तो अजून वाचलेला नाही" असं लिहावं. उरलेलं अर्धं वाक्य टाळलं की कुळव भाऊंच्या चुंगड्या भरल्या जातात.

प्रत्येक मेलला जातं, हे मात्र जीमेलपुरतं खरं नाही. एका माणसाला ते साधारण चार दिवसांत एकदाच जातं. म्हणजे एखाद्या खरेदीदाराने ३० ला चौकशी केली की त्याला उत्तर गेलं. ३१ ला त्याने "गाडी उद्या पाठवतो, गोदाम उघडं आहे ना?" असं विचारलं, तर त्याला काहीच जाणार नाही. त्याला वाटेल ताई मेल बघताहेत आणि गप्प आहेत, म्हणजे होकार असेल. म्हणून तातडीचं काम कुणाकडे न्यायचं हे पहिल्याच उत्तरात असायला हवं. दुसरी संधी मिळेलच असं नाही. मधेच मजकूर बदलून जपून ठेवला तर मात्र मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि ज्यांना आधी गेलं त्यांनाही नव्याने जाऊ शकतं. त्यामुळे रोज शुद्धलेखन सुधारत बसू नका.

फळा_खडू
आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲपवर मी असंच लावलं होतं. "सस्नेह नमस्कार, आपण आमच्याशी संपर्क साधलात याचा अत्यंत आनंद आहे, पालक हेच आमचे दैवत" वगैरे. एका बाईंनी रात्री पोराला ताप आहे म्हणून कळवलं, त्यांना हा आनंद गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. तर ताई, व्हॉट्सॲपवर नमस्कार आखूड ठेवा.

गिरडकरीण
सर, मी मेलबद्दल विचारत होते 😄 पण कळलं. म्हणजे नमस्कारही काढून टाकू?

टपालवही
नमस्कार काढू नका! "मी रजेवर आहे" ने सुरुवात झाली की दार तोंडावर आपटल्यासारखं वाटतं.

रात्रपाळी
इथे काका शंभर टक्के बरोबर. "नमस्कार," ही एक ओळ ठेवा. फक्त आनंद, आभार, प्रतीक्षा नको, कारण पत्र कशाबद्दल आलंय हे त्या यंत्राला माहीत नसतं. कुणी पेमेंट थकल्याची तक्रार केलेली असेल, कुणी दुःखाची बातमी कळवलेली असेल. तिथेही शोभेल एवढाच नमस्कार घालायचा. नावाने हाक मारता येत नाही, म्हणून "प्रिय ग्राहक" सुद्धा नको. कृषी विभाग तुमचा ग्राहक नाही.

मी असं लिहीन:

विषय: ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर रजेवर, उत्तर ८ सप्टेंबरपर्यंत

नमस्कार,
आपला मेल पोचला आहे. मी ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०२५ रजेवर असल्यामुळे तो अजून वाचलेला नाही. ४ सप्टेंबरला कामावर आल्यावर मेल आलेल्या क्रमाने बघेन आणि सोमवार, ८ सप्टेंबरपर्यंत आपल्याला उत्तर देईन.
मालाची गाडी किंवा वजनाबद्दल त्याआधी काम असल्यास कृपया गोदामाच्या मेलवर लिहावे. भाव आणि करार यांबद्दल मी परतल्यावरच सांगू शकेन.
आपली,
(नाव, हुद्दा)

"उद्या", "परवा", "पुढच्या सोमवारी" असलं काही लिहायचं नाही. तेच उत्तर ३० ला एकाला जातं आणि ३ ला दुसऱ्याला, दोघांचा परवा वेगळा. शेवटचं वाक्यही काढू नका. गोदामाच्या पोराने भाव सांगून टाकला तर निस्तरायला तुम्हीच.

गिरडकरीण
हे आवडलं. "आलेल्या क्रमाने" मात्र काढते, बँकेचा मेल मी आधीच बघणार. आता लावायचं कुठे ते सांगा, मागे मला सापडलं नव्हतं.

रात्रपाळी
कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, वर उजवीकडे दातेरी चाक, See all settings, मग General मधे अगदी खाली Vacation responder. तिथे on करा. First day ला ३० टाकलं की ते ३० च्या मध्यरात्री बारापासून सुरू होतं. तुम्ही २९ ला पाचला घरी गेलात तर त्या संध्याकाळचे मेल कोरडेच राहतील. त्या सात तासांची काळजी असेल तर First day २९ ठेवा आणि मजकुरात "२९ च्या संध्याकाळपासून" लिहा.

Last day वर टिक करून तारीख टाकायला विसरू नका. ती रिकामी राहिली तर स्वतः बंद करेपर्यंत उत्तर जात राहतं. आमच्याकडे एकाचं दिवाळीचं उत्तर तिळसंक्रांतीपर्यंत जात होतं. तो जागेवर बसून मेल लिहीत होता आणि त्याचंच यंत्र सांगत होतं, साहेब रजेवर आहेत.

त्याखाली Only send a response to people in my Contacts आहे, त्याला टिक करू नका. नवा खरेदीदार तुमच्या यादीत नसणारच. शेवटी Save Changes. मग घरच्या दुसऱ्या मेलवरून स्वतःला एक मेल टाकून बघा, पण तो पहिला दिवस सुरू झाल्यावर, आधी नाही.

कुळव
समजा लावलं. पन त्यात ताईचा मोबाईल नंबर टाकाच. नंबर नाई त त्या उत्तराचा फायदा काय? गावात कोनाले ठाव नाई नंबर?

रात्रपाळी
गावाला ठाऊक असणं वेगळं. हे उत्तर स्पॅममधे पडलेल्या मेलला जात नाही, पण स्पॅममधून निसटलेल्या भामट्याला जातं. त्याला कळतं की हिशेब बघणारी बाई पाच दिवस जागेवर नाही आणि हा तिचा नंबर. मग गोदामाच्या पोराला "ताईंनीच सांगितलंय, पैसे या खात्यात टाका" असा मेल येतो. म्हणून मी "रजेवर" एवढंच लिहिलं, "घरी महालक्ष्मी" नाही, "बाहेरगावी" तर नाहीच.

टपालवही
तुम्ही शहरात राहून फार भ्यायला शिकलात. संस्थेचा माणूस फोनवर सापडला पाहिजे. अध्यक्षांचा नंबर द्यावा.

गिरडकरीण
अध्यक्षांना विचारलं. म्हणाले, "माझा नंबर नको, मी पण तीन दिवस तुमच्याचकडे जेवायला आहे."

कुळव
मंग ताई, माझा टाका. पन भाव मी सांगीन बरं का 😄

रात्रपाळी
घ्या! ताई, ते शेवटचं वाक्य ठळक करा.

टपालवही
ते असो. "आपली" च्या खाली संस्थेचं नाव सहीत येतं का, की वेगळं टाकावं लागतं? आणि ८ तारीख मला अजून पटलेली नाही. ५ लिहा.