शेवटच्या ब्लॉकने ०.०२ च भर घातली, तर प्रबंधात काय लिहावं?

अबोली: २१२ शिक्षकांच्या बर्नआउटवर प्रबंध आहे. हायरार्किकल रिग्रेशन केलंय, म्हणजे चल तीन ब्लॉकमध्ये टप्प्याटप्प्याने घातले. ब्लॉक १ मध्ये वय, लिंग, अनुभव: R² ०.०८. ब्लॉक २ मध्ये कामाचा ताण आणि मुख्याध्यापकांचा आधार: R² ०.२७. ब्लॉक ३ मध्ये स्वक्षमता: R² ०.२९. गाईड म्हणतात, फक्त शेवटचं मॉडेल द्या. तुम्हाला काय वाटतं?

वाटसरू: गाईडचं बरोबर आहे. परीक्षक शेवटचे बीटाच बघतात. ANOVA तक्त्यात तिन्ही मॉडेल्सचा F सिग्निफिकंट असेल, तेवढं एका वाक्यात सांगून टाका.

आकडेमोड: बीटांबद्दल मान्य, F बद्दल अजिबात नाही. तो F अख्ख्या मॉडेलचा आहे. तिसऱ्या ब्लॉकने काहीच भर घातली नसती, तरी पहिल्या दोघांच्या जोरावर तो सिग्निफिकंटच आला असता. नव्या ब्लॉकसाठी Model Summary मधला `F Change` बघायचा. एसपीएसएसमध्ये Statistics खाली `R squared change` वर टिक केली तरच तो दिसतो.

हाताने पडताळा: ब्लॉक ३ मध्ये एकच चल आहे, म्हणून ०.०२ ला (०.७१ ÷ २०५) ने भागा. F सुमारे ५.८ येतो. ०.७१ म्हणजे १ वजा ०.२९, आणि २०५ म्हणजे २१२ वजा सहा चल वजा १. ब्लॉक २ मध्ये दोन चल आहेत, म्हणून ०.१९ ला आधी २ ने भागा; त्याचा F(२, २०६) सुमारे २६.८. प्रबंधाचा खरा निष्कर्ष इथे आहे आणि फक्त शेवटचं मॉडेल दिलं तर तो दिसतच नाही.

कोयना_काठ: मी स्टेपवाइज लावलं होतं, क्रम सॉफ्टवेअरनेच ठरवला. तेच करा ना, वाद मिटेल.

आकडेमोड: ते वेगळं तंत्र आहे. इथे क्रम सिद्धांतावरून, विश्लेषणाआधी ठरवायचा असतो.

वाटसरू: बरं, मग ०.०२ म्हणजे स्वक्षमता नगण्य, असं लिहावं लागेल.

आकडेमोड: नाही. आधार मिळणाऱ्या शिक्षकांची स्वक्षमताही जास्त असेल, तर दोघांचा सामाईक वाटा आधी आलेल्या ब्लॉक २ च्या खात्यात जमा झालाय. स्वक्षमता दुसऱ्या क्रमांकावर असती तर तिचा आकडा मोठा दिसला असता. म्हणून असं लिहा: "आधीचे पाच चल विचारात घेतल्यानंतर स्वक्षमतेने बर्नआउटमधल्या फरकाचा आणखी २ टक्के भाग स्पष्ट केला." शेजारी ΔR², F, दोन्ही डिग्रीज ऑफ फ्रीडम आणि p द्या. आकडा वाढवायला आता क्रम मात्र बदलू नका.

अबोली: अनुभवाचा बीटा पहिल्या टप्प्यात −०.२४ होता, शेवटी −०.०९ झाला. अनुभवाचा परिणाम ताणामार्फत होतो, असं म्हणू का?

वाटसरू: बघा, टप्पे दाखवले की व्हायवामध्ये नेमका हाच प्रश्न येतो.

आकडेमोड: येऊ दे. बीटा घटला एवढं नोंदवा. एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावलीवरून "मार्फत" म्हणता येत नाही, आणि ब्लॉक २ मध्ये दोन चल एकत्र आल्यामुळे घट कोणामुळे झाली तेही कळत नाही.

वाटसरू: F Change चं पटलं. पण तिन्ही टप्प्यांचे सगळे बीटा मुख्य तक्त्यात नकोत. मी ते परिशिष्टात टाकेन.

आकडेमोड: मी मुख्य तक्त्यातच ठेवेन. अनुभवाची ती घट परिशिष्टात कोण शोधणार?