प्रतिसाद: टायटॅनियमवरचे चरे

> 'टायटॅनियम स्टीलपेक्षा मजबूत म्हणतात, मग माझ्या घड्याळाच्या केसवर महिन्याभरात चरे कसे?'

मजबुती वेगळी आणि पृष्ठभागाचा कठीणपणा वेगळा. तुमची केस बहुधा ग्रेड २ची, म्हणजे शुद्ध टायटॅनियमची असावी. तिचा कठीणपणा नेहमीच्या ३१६एल स्टीलच्याच आसपास, साधारण १५० ते २०० विकर्स असतो. ग्रेड ५ या मिश्रधातूचा साडेतीनशेच्या घरात जातो. पण चरे पाडते ती बहुतेकदा धूळ. तिच्यातले वाळूचे कण हजार विकर्सच्या आसपास असतात, त्यामुळे कोटिंग नसलेला कुठलाच टायटॅनियम त्यांच्यापुढे टिकत नाही. झिर्कोनिया सिरॅमिक मात्र साधारण बाराशेचं, म्हणून ते वर्षानुवर्षं नवं दिसतं.

वजनाचं म्हणाल तर ४८ ग्रॅमची स्टीलची केस त्याच मापात सिरॅमिकची केली तर ३६ ग्रॅम भरेल आणि टायटॅनियमची जेमतेम २७. मनगटाला हा फरक दिवसभर जाणवतो.

तरी मी सिरॅमिक घेणार नाही. फरशीवर पडलं तर त्याला पोचा येत नाही, टवका उडतो किंवा तडा जातो, आणि मग केस बदलण्यावाचून इलाज नसतो. स्टीलला चांगला कारागीर पुन्हा पॉलिश करून देतो. टायटॅनियम पॉलिशच्या चाकाला चिकटतं, म्हणून ते काम कमी जण घेतात.

तुमचे ताजे चरे चकचकीत दिसतात, पण त्यांवर ऑक्साइडचा थर धरतो आणि रोजच्या घासण्याने ते राखाडी रंगात मिसळत जातात. मॅट फिनिश असेल तर वर्षभर हात लावू नका.