म्हाताऱ्या माणसाची ‘कसर’ म्हणजे नेमका किती ताप?

मेघना : आमच्या साताऱ्याकडे ‘ताप नाही, नुसती कसर आहे’ असं सर्रास म्हणतात. सासूबाईंना परवा थर्मामीटरवर ९९.४ होता. त्यांच्या मते ती कसर, पण डॉक्टरांनी कागदावर ताप लिहिला आणि लघवी तपासायला सांगितली. कसर म्हणजे तापाहून कमी, काळजी नसलेलं काहीतरी, हा अर्थ बरोबर आहे का?

दिनकर : कसर म्हणजे पुस्तकं आणि लोकरीचे कपडे खाणारा किडा. दुसरा अर्थ उणीव, म्हणून ‘कसर भरून काढणे’. तापाशी संबंध असलाच तर मला माहीत नाही.

मेघना : काका, ते अर्थ माहीत आहेत. मी ‘अंगात कसर असणे’ विचारतेय.

वैशाली : आमच्याकडे अशा वेळी कणकण म्हणतात. पण कणकण ज्याची त्याला जाणवते, कसर दुसऱ्याला हात लावल्यावर कळते. ‘मला कणकण वाटतेय’ आणि ‘तुझ्या अंगात कसर आहे’, असा वापर मी ऐकलाय. वय झालं की प्रतिकारशक्ती उरत नाही, म्हणून ताप चढत नाही, एवढंच कारण असणार.

शुभदा : मी वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका आहे. वैशालीताई, तुम्ही म्हणता ते अर्धंच कारण आहे. ताप जंतू चढवत नाहीत, शरीर स्वतः चढवतं. पेशींकडून निरोप गेला की मेंदू आतलं तापमान वरच्या पातळीला नेऊन ठेवायचं ठरवतो. मग हुडहुडी भरते, स्नायू उष्णता तयार करतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि ती उष्णता आत कोंडली जाते. म्हातारपणी निरोप क्षीण जातो, मेंदू सावकाश दाद देतो, स्नायू झडलेले असतात आणि कातडीलाही उष्णता धरवत नाही. फुप्फुसातला किंवा लघवीतला संसर्ग मात्र जोरात चालूच असतो. गंभीर संसर्ग झालेल्या साधारण चार-पाच वृद्धांत एकाला तरी म्हणावा तसा ताप येत नाही.

त्यात मुळातलं तापमानही कमी असतं. ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींचं एरवीचं तापमान ९७ होतं. घरच्यांनी ९९.२ पाहिलं आणि ‘थोडी कसर आहे’ म्हणून दोन दिवस घालवले. आजी जेवायला नको म्हणत होत्या, दिवसभर डोळे मिटून पडून होत्या, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमला जाताना पडल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा मिनिटाला अठ्ठावीस श्वास, ऑक्सिजन ८९, मुलाला भाऊ समजून बोलत होत्या. निदान न्यूमोनियाचं झालं. ९७ वरून ९९.२, म्हणजे दोन अंशांहून जास्त चढ. वृद्धांच्या बाबतीत नेहमीपेक्षा दोन फॅरनहाइट वर गेलं, किंवा तोंडात घेतलेलं माप पुन्हा पुन्हा ९९ च्या वर आलं, तर आम्ही त्याला तापच म्हणतो. एकदाच १०० च्या वर गेलं तरीही.

वैशाली : म्हणजे पूर्वी ‘वातात बडबडतोय’ म्हणायचे, तसंच ना हे? पण त्या वेळी अंग भाजत असायचं.

शुभदा : वृद्धांत अंग न भाजताही होतं. आणि बडबडीपेक्षा गप्प पडून राहणं जास्त फसवतं, कारण घरच्यांना वाटतं की शांत झोप लागलीय. कालपर्यंत स्वतः चहा ढवळणारं माणूस आज कप हातात धरून नुसतं बसलं असेल, तर मी आकड्याची वाट बघत नाही.

दिनकर : माझं स्वतःचं सकाळी ९६.८ आणि संध्याकाळी ९८ येतं. मग रोज संध्याकाळी माझ्या अंगात कसर म्हणायची का?

शुभदा : नाही काका. दिवसभरात साधारण एक अंशापर्यंत चढउतार सगळ्यांचाच होतो, तुमचा थोडा जास्त आहे इतकंच. म्हणून बरे असताना चार-पाच दिवस ठरलेल्या वेळी मोजून लिहून ठेवा आणि संध्याकाळचं माप संध्याकाळच्याच आकड्याशी ताडून बघा. काखेतलं माप कमी येतं, त्यातून माणूस हडकुळं असेल तर काख नीट मिटत नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेणाऱ्यांचं तोंडातलं मापही खाली येतं.

मेघना : सासूबाई गुडघ्यांसाठी रोज सकाळ-संध्याकाळ पॅरासिटामॉल घेतात.

शुभदा : मग तो ९९.४ गोळीने दाबलेला असू शकतो. यापुढे गोळी घेण्याआधी मोजा. लघवीची तपासणी टाळू नका, आणि श्वास जलद झाला किंवा बोलणं बदललं तर रिपोर्टसाठी थांबू नका.

वैशाली : शब्दाचं मात्र माझं अजून पटलेलं नाही. आमच्या आजीच्या तोंडी ‘कसर’ हा येणाऱ्या आजाराचा इशारा असायचा, ‘काही नाही’ असा अर्थ कधीच नसायचा. साताऱ्याकडच्या कुणी जुन्या माणसांनी सांगावं.

मेघना : सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कसर म्हणजे अंथरूण धरायला लागत नाही तेवढं. तपासणीला नेतेय आज.