उत्तर: प्रिव्हेंटर असूनही मोटर दोन फेजवर का चालते?

> "प्रिव्हेंटरचा हिरवा दिवा लागलेला होता, तरी विहिरीवरची मोटर दोन फेजवर चालून जळली. असं कसं?"

भाऊ, तुमचा प्रिव्हेंटर व्होल्टेज पाहणारा असावा. त्याच्या तीन वायर मेन स्विचकडून येतात. फेज त्याच्या पुढे, म्हणजे स्टार्टरमध्ये किंवा केबलमध्ये तुटला, तर त्याला ते दिसतच नाही. आमच्या संत्र्याच्या बागेत हेच झालं. 5 एचपीची मोटर घुमत होती, टोंग टेस्टर लावला तर दोन वायरवर 12-13 अँपिअर आणि तिसरीवर शून्य. एरवी तिन्हींवर सात-साडेसात असतात. कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळला होता.

म्हणून करंट पाहणारा, सीटीवाला प्रिव्हेंटर घ्या. मोटरला जाणाऱ्या वायर त्याच्या सीटीतून ओवायच्या आणि त्याचा रिले कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलच्या वायरमध्ये सिरीजमध्ये घ्यायचा. ऑटो स्विच असेल तर त्याची वायरही या कॉन्टॅक्टमधूनच कॉइलला गेली पाहिजे, नाहीतर लाइन आली की प्रिव्हेंटरला वगळून मोटर सुरू होते. ही चूक मी बऱ्याच पेट्यांत पाहिली.

तपासताना मेन बंद करून स्टार्टरच्या कॉइलला न जाणाऱ्या फेजचा फ्यूज काढा, मग मेन लावून स्टार्ट दाबा. मोटर घुमून काही सेकंदांत सुटली पाहिजे. सुटली नाही तर लगेच मेन बंद करा. चालू मोटरचा फ्यूज मात्र ओढू नका, ठिणगी हातावर येते.